सर्जनना आभाराचं पत्र लिहायला बसले तेव्हा

गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं. जखम भरली, रिपोर्ट आला, मी शाळेत रुजूही झाले, तरी मनात एक काम राहिलंच होतं. ज्या मॅडमनी ऑपरेशन केलं, त्यांना आभाराचं पत्र लिहायचं होतं. मुलांना पत्रलेखन शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे हे अर्ध्या तासाचं काम आहे असा माझा समज होता. प्रत्यक्षात त्यात एप्रिल सरला आणि मेचेही बरेच दिवस गेले. नेटवर नमुने पाहिले तर बहुतेक ठिकाणी डॉक्टरांना देव केलेलं, नाहीतर ‘आपल्या सेवेबद्दल आम्ही समाधानी आहोत’ असा कोरडा मजकूर. मला या दोन्हींपैकी काहीच म्हणायचं नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं इथे लिहिते. ज्यांना असं पत्र लिहायचं आहे पण कागदावर काही उतरत नाही, त्यांना यातलं थोडंफार उपयोगी पडेल.

पत्रात काय आलं ते कळायला आधी काय घडलं ते सांगावं लागेल. जानेवारीत दुसऱ्याच कशासाठी तरी तपासायला गेले असताना डॉक्टरांच्या हाताला मानेत, थायरॉइड ग्रंथीवर गाठ लागली. सोनोग्राफी झाली, मग सुईने पेशी काढून तपासल्या. त्या तपासणीचा निकाल सहा वर्गांत देतात, त्याला बेथेस्डा म्हणतात. माझा वर्ग चौथा आला. म्हणजे गाठ साधी असू शकते, कॅन्सरची असू शकते, आणि सुईने काढलेल्या पेशींवरून ते ठरवता येत नाही. कारण दोन्हींतल्या पेशी सारख्याच दिसतात. फरक असतो तो गाठीभोवतीचं आवरण पेशींनी फोडलंय की नाही यात, आणि ते पाहायला अख्खी गाठ हातात लागते. थोडक्यात, आजार काय आहे हे कळण्यासाठीच ऑपरेशन करायचं होतं. थायरॉइडचा उजवा अर्धा भाग काढायचा, तपासायला पाठवायचा आणि वाट बघायची.

मॅडमची पहिली भेट मला अजून तपशिलासकट आठवते. त्यांनी सोनोग्राफीच्या पाकिटावरच पेनाने थायरॉइडचे दोन पंख काढले आणि उजव्या पंखाच्या मागून एक बारीक रेघ ओढली. ‘ही आवाजाची नस. हिच्यापासूनच मला गाठ सोडवायची आहे.’ मग पेन ठेवून विचारलं, ‘तुम्ही आवाज कशासाठी वापरता?’

मी सांगितलं, शाळेत शिकवते, मोठ्या वर्गाला.

‘मग नीट ऐका. नस डोळ्यांना दिसल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. पण नस शाबूत राहिली तरी तिच्यावर ताण येतो, आणि काही आठवडे आवाज बसू शकतो. कायमचा बसण्याची शक्यता कमी आहे, शंभरात एखाद-दुसऱ्याला होतं. कमी आहे, शून्य नाही. हे आत्ता सांगतेय, कारण नंतर सांगितलं तर ती सबब वाटेल.’

एवढं बोलून त्या थांबल्या. मला विचारायला वेळ दिला. घरी येताना मला भीती वाटत होती, पण नेमकी कशाची ते ठाऊक होतं. त्याआधीचे काही आठवडे भीती नुसती धुक्यासारखी होती.

ऑपरेशनच्या आधी दुर्बिणीने स्वरतंतू पाहून घेतले. दोन्ही बाजूंचे नीट हलत आहेत याची नोंद आधीच असावी लागते, नाहीतर नंतर काही बिघडलं तर ते जुनं की नवीन हे कसं कळणार? ऑपरेशनच्या सकाळी मॅडम मार्कर घेऊन आल्या. मला बसतं करून मान वर करायला सांगितली, खाली करायला सांगितली, आवंढा गिळायला लावला, आणि मानेवरची नैसर्गिक घडी शोधून तिच्यावर रेघ ओढली. आडवं झाल्यावर मान मागे ताणली की ती घडी सरकते, म्हणून खूण बसवूनच करायची. आज ती जखम शोधावी लागते.

शुद्धीवर आल्यावर पहिला आवाज कानावर पडला तो मॅडमचा. ‘बोला बघू काहीतरी.’ मी स्वतःचं नाव सांगितलं. घशातून खरखर बाहेर आली. त्या म्हणाल्या, ‘येतोय. बसलाय, पण येतोय.’

रात्री त्या पुन्हा आल्या. खोलीतला मोठा दिवा न लावता, सिस्टरांना बॅटरी धरायला सांगून त्यांनी माझ्या मानेची दोन्ही बाजूंची सूज पाहिली, बोटांनी हलकेच चाचपली, श्वास घ्यायला जड जातंय का विचारलं आणि गेल्या. पहिल्या दिवसात आत रक्तस्राव झाला तर तो श्वासनलिकेवर दाब आणतो आणि मिनिटांत जखम पुन्हा उघडावी लागते, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच वाटलं की कुणीतरी आपल्याला बघून गेलं.

रिपोर्टला दहाएक दिवस लागले. गाठ साधी निघाली. आवाज मात्र हळूहळू आला. सुरुवातीला फोनवरच्या माणसांना मी कोण ते ओळखू यायचं नाही, मग बोलता येऊ लागलं पण संध्याकाळपर्यंत टिकायचा नाही. सहा आठवड्यांनी थायरॉइडची रक्ततपासणी झाली. उरलेला अर्धा भाग पुरेसं काम करतोय की गोळी लागेल ते त्यात कळतं. माझी गोळी टळली.

आता पत्राकडे.

घरी सोडलं त्याच दिवशी लिहावं असं वाटत होतं. तेव्हा मन भरून आलेलं असतं आणि शब्द आपोआप येतात. पण त्या दिवसांत वेदनाशामकं चालू होती, रिपोर्ट यायचा होता, आणि जे लिहिलं असतं ते आभार नसून सुटकेचा निःश्वास असता. मी एक काम केलं, तेवढं प्रत्येकाने करावं असं सुचवेन. वॉर्डात असतानाच फोनमध्ये तुटक तुटक नोंदी केल्या. ‘पाकिटावर चित्र.’ ‘बसवून खूण.’ ‘रात्री बॅटरी.’ नंतर पत्र लिहायला बसल्यावर लक्षात आलं की या नोंदी नसत्या तर यातलं निम्मं विसरले असते. भुलीतून उठल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांची आठवण फार भरवशाची नसते.

बसले ती एप्रिलच्या मध्यावर, एका रविवारी. पहिला खर्डा असा होता: ‘आपण माझ्यासाठी जे केलंत त्याचं ऋण मी या जन्मी फेडू शकणार नाही. आपल्या रूपात मला साक्षात परमेश्वर भेटला. आपले हात म्हणजे जादू आहे.’ लिहिताना डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणजे भावना खोटी नव्हती. दुसऱ्या दिवशी वाचलं तर त्यात मॅडमही नव्हत्या आणि मीही नव्हते. वरचं नाव बदललं असतं तर तेच पत्र मोतीबिंदूच्या डॉक्टरांना चाललं असतं. शिवाय अशी भाषा वाचणाऱ्याला अवघडवते. परमेश्वराच्या पत्राला काय उत्तर द्यायचं?

मग मी उलट टोकाला गेले. डिस्चार्ज कार्ड समोर घेतलं आणि नेमकं लिहायचं ठरवलं. ‘दिनांक अमुक रोजी संपूर्ण भूल देऊन माझी उजवी हेमिथायरॉइडेक्टॉमी करण्यात आली. स्वरयंत्राची नस ओळखून जतन करण्यात आली. रक्तस्राव अत्यल्प. ऑपरेशनोत्तर काळ सुरळीत.’ हे मला मोठं भारदस्त वाटलं. माझी वहिनी बरीच वर्षं सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर होती. तिला वाचायला दिलं. तिने चष्मा वर केला आणि म्हणाली, ‘अगं, हे कार्ड त्यांनीच लिहिलंय ना? मग त्यांचंच त्यांना परत पाठवून काय मिळवणार तू?’

तिचं म्हणणं असं की सर्जनला ऑपरेशन माहीत असतं. तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत असतं. त्यांना माहीत नसतं ते टाके काढल्यानंतरचं. पेशंट बरा झाला की येणं बंद करतो. ज्यांचं बिनसलं तेवढे परत परत येतात. त्यामुळे बऱ्या झालेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे डॉक्टरांच्या नजरेला फारसं पडतच नाही. ‘तेवढं लिही,’ ती म्हणाली. ‘आणि एका पानात लिही. दोन ऑपरेशनांच्या मधे चहा पिताना वाचतात.’

या एका सल्ल्याने पत्राचा निम्मा प्रश्न सुटला. मी कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे मॅडमना दिसलेलं सगळं टाकलं, उजवीकडे फक्त मला दिसलेलं. डाव्या बाजूचं जवळजवळ सगळं पत्रातून गेलं. उजवीकडे उरलं ते थोडं होतं: घरी जातानाची नेमकी भीती, रात्रीची बॅटरी अंथरुणातून कशी वाटली, आणि जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत आवाज जाईल की नाही ही धास्ती. ती धास्ती मेमध्ये उन्हाळी वर्ग घेताना फिटली होती.

उरलेला निम्मा प्रश्न मला स्वतःलाच सोडवावा लागला, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणात तोच खरा अवघड होता. नेमके आभार कशाचे मानायचे? माझ्या खर्ड्यात वारंवार येत होतं, ‘आपल्यामुळे गाठ साधी निघाली.’ वाचायला छान वाटतं, पण तसं काही झालेलं नाही. गाठ साधी होती ती जानेवारीतही साधीच होती. मॅडमनी ती साधी केली नाही, साधी आहे हे कळायची सोय केली. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा रिपोर्ट वेगळा आला. त्यांनाही याच मॅडमनी तितक्याच काळजीने हाताळलं होतं. रिपोर्टसाठी आभार मानले तर त्या बाईंच्या वाट्याचे आभार कापले गेले असते. तेव्हा ठरवलं, नशिबाने जे दिलं ते पत्रातून काढायचं आणि त्यांनी ठरवून केलं तेवढं ठेवायचं. स्पष्ट बोलणं, नस दिसेपर्यंत न सरकणं, बसवून खूण करणं, रात्री येऊन जाणं. या गोष्टी रिपोर्ट काहीही आला असता तरी तितक्याच खऱ्या राहिल्या असत्या. याच कारणाने ‘आपण माझा जीव वाचवलात’ हेही खोडलं. माझा जीव धोक्यात नव्हता, आणि हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं.

बसलेल्या आवाजाचं काय करायचं यावर बरीच खाडाखोड झाली. वगळलं तर पत्र गुळगुळीत होत होतं. लिहिलं तर तक्रार वाटत होती. आधी वाक्य असं होतं: ‘ऑपरेशननंतर जवळजवळ सहा आठवडे माझा आवाज बसलेला होता, तरीही मी आपली आभारी आहे.’ त्या ‘तरीही’ने सगळा घात केला होता. तो शब्द वाचला की वाटतं, बाईंनी उदार मनाने माफ केलेलं दिसतंय. वाक्य असं फिरवलं: ‘आवाज परतायला सहा आठवडे लागले. आपण आधीच सांगितलं होतं, म्हणून त्या आठवड्यांत मी वाट पाहिली, घाबरले नाही.’ घटना तीच, पण आता ती त्यांनी पहिल्या भेटीत दिलेल्या वेळेशी जोडली गेली.

काही गोष्टी पत्राबाहेर ठेवल्या. जखमेच्या वरच्या बाजूला कातडी अजून बधिर होती, तिच्याबद्दल विचारायचं होतं. पण वैद्यकीय प्रश्न आभाराच्या पत्रात घातला की वाचणाऱ्याला पत्र बाजूला ठेवून फाइल शोधावी लागते, आणि तो प्रश्न कुठे नोंदलाही जात नाही. त्यासाठी ओपीडीची वेळ घ्यावी. डिस्चार्जच्या दिवशी कागदपत्रांच्या खिडकीपाशी आम्हाला फार ताटकळावं लागलं होतं. ते मी सूचनापेटीच्या फॉर्मवर वेगळं लिहिलं. आभारात तक्रार मिसळली की वाचणाऱ्याच्या लक्षात तक्रारच राहते. भेटवस्तू द्यावी का, याचाही घरात खल झाला. वहिनी नको म्हणाली. बऱ्याच हॉस्पिटलांत भेटी घेण्यावर नियम असतात, आणि वस्तू सोबत आली की पत्राचं वजन तिच्यावर जातं. या सगळ्या प्रकारात माझा खर्च झाला तो चार चांगल्या कागदांचा आणि एका पाकिटाचा.

इतरांची नावं हा पुढचा गुंता. डिस्चार्ज कार्डावर सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांची नावं असतात, तीही बरोबर स्पेलिंगसकट, म्हणून नावं तिथूनच उतरवावीत. सिस्टरांची नावं त्यावर नसतात. रात्रपाळीच्या सिस्टर माझ्या उशाशी बॅटरी धरून उभ्या होत्या, त्यांचं नाव मला माहीत नव्हतं. जनसंपर्क खिडकीवरच्या गृहस्थांनी सांगितलं की ड्यूटीचा तक्ता ते दाखवू शकत नाहीत, पण वॉर्ड, तारीख आणि पाळी लिहिली तर ते पत्राची प्रत मेट्रनकडे पाठवतील. तसं केलं. नाव आठवत नसेल तर ‘सर्व कर्मचाऱ्यांचे आभार’ असं मोघम लिहिण्यापेक्षा हे बरं. मोघम आभार कुणाच्याच वाट्याला येत नाहीत.

मग हे पत्र तयार झालं. तारीख, नावं आणि वॉर्ड काढून जसंच्या तसं देते:

‘आदरणीय डॉक्टर,

मार्चमध्ये आपण माझ्या थायरॉइडचं ऑपरेशन केलंत. मी शाळेत शिकवते. पहिल्या भेटीत आपण मला विचारलं होतं, आवाज कशासाठी वापरता. त्याचं पुढे काय झालं ते कळवावं म्हणून हे पत्र.

आवाज परतायला सहा आठवडे लागले. आपण आधीच सांगितलं होतं, म्हणून त्या आठवड्यांत मी वाट पाहिली, घाबरले नाही. मे महिन्यात उन्हाळी वर्ग घेतला. पहिल्या दिवशी फळ्यापाशी उभी राहून हजेरी घेतली आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या मुलाने ‘हजर’ म्हटलं. तो नेहमी न ऐकल्याचं सोंग करतो. या वेळी त्याला ते जमलं नाही.

मला आपले आभार विशेष करून दोन गोष्टींसाठी मानायचे आहेत. पहिली, सोनोग्राफीच्या पाकिटावर चित्र काढून आपण मला धोका सांगितलात आणि ‘कमी आहे, शून्य नाही’ असं म्हणालात. त्याआधी मला सगळ्यांनी ‘काही होत नाही’ असंच सांगितलं होतं आणि त्याने माझी झोप उडाली होती. आपल्या बोलण्यानंतर मी झोपू शकले.

दुसरी, ऑपरेशनच्या रात्री आपण येऊन गेलात. त्या वेळी आपण काय तपासत होतात हे मला कळलं नव्हतं. मोठा दिवा लावला नाहीत, एवढंच लक्षात आलं होतं. शेजारच्या बाई जाग्या झाल्या नाहीत.

भूलतज्ज्ञांना माझा नमस्कार सांगावा. माझे हात थरथरत असताना ते माझ्याशी माझ्या वर्गाबद्दल बोलत राहिले, आणि कुठल्या वाक्यावर मला झोप लागली ते मला आठवत नाही. त्या रात्री वॉर्डात बॅटरी धरून उभ्या असलेल्या सिस्टरांचं नाव मला माहीत नाही. त्यांच्यापर्यंतही हे पोहोचावं.

आपल्याला उत्तर लिहायची गरज नाही.

आपली,’

आणि खाली माझं नाव.

शेवटच्या ओळीबद्दल वहिनी आणि माझे मतभेद झाले. तिला ती तुसडी वाटली. मी ठेवली, कारण अशा पत्राला उत्तर द्यायलाच हवं असं ओझं कामाच्या माणसावर टाकायचं नव्हतं. आता वाटतं, थोड्या मऊ शब्दांत लिहिता आली असती. ‘विशेष करून दोन गोष्टी’ याही आकड्यावर ती अडली होती. बसवून केलेली खूण का गाळलीस, म्हणून. खूण सुंदर होती, पण तिचं कौतुक केलं की पत्र पुन्हा डावीकडच्या रकान्यात जात होतं. ती त्यांची कारागिरी. तिला दाद द्यायला त्यांचे सहकारी जास्त लायक आहेत.

मूळ पत्र हाताने लिहिलं. टाइप केलेलंही चालतं, अक्षर वाईट असेल तर टाइपच करावं. आत वेगळ्या चिठ्ठीवर माझं पूर्ण नाव, ऑपरेशनची तारीख आणि केसपेपरचा नंबर घातला. सर्जनसमोरून महिन्यात खूप माणसं जातात. ‘ओळखलंत ना?’ अशी परीक्षा घेण्यात अर्थ नाही, आणि चिठ्ठी वेगळी असली की पत्राचं रूप केसपेपरसारखं होत नाही. दुसरी प्रत टाइप करून वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे काढली. काही हॉस्पिटलांत अशी पत्रं डॉक्टरांच्या आणि सिस्टरांच्या नोंदीत लावतात, म्हणून ती वरपर्यंत पोहोचलेली बरी. या प्रतीतून मी आजाराचं आणि ऑपरेशनचं नाव काढलं. मॅडमना माझा आजार माहीत आहे, पण आवक-जावकच्या टेबलावरून जाणाऱ्या कागदावर तो असायचं काही कारण नाही. आवक क्रमांक टाकून पोच मागितली तर देतात. मी मागितली.

मूळ पत्र द्यायचं कसं, हेही आधी ठरवावं. तपासणीच्या वेळी हातात दिलं तर त्यांना ते तुमच्यासमोर उघडावं लागतं, बाहेर रांग असते, आणि दोघांचीही पंचाईत होते. मी ते त्यांच्या सहायकाकडे दिलं, ओपीडी संपायच्या वेळी.

बरेच दिवस काही कळलं नाही. जूनमध्ये बधिरपणासाठी वेळ घेऊन गेले. मॅडमनी मान तपासली, बोटाने कडेकडेने स्पर्श करत कुठे कळतं, कुठे नाही ते विचारलं आणि सांगितलं की त्वचेच्या बारीक नसा परत यायला काही महिने, कधी वर्षही लागतं, आणि थोडा पट्टा बधिर राहिलाच तर त्याने अडत नाही. लिहून घेतलं. मग कागदावरून मान वर न करता म्हणाल्या, ‘पत्र मिळालं. सिस्टर सापडल्या. आता त्या दुसऱ्या वॉर्डला आहेत, प्रत तिकडे दिली.’ आणि पुढच्या पेशंटला बोलवायची घंटा दाबली.

त्यानंतर जनसंपर्क विभागातून फोन आला. अधीक्षकांकडची प्रत त्यांना फलकावर लावायची होती, जमलं तर माझा फोटोही हवा होता. असं विचारलं तर हो म्हणायलाच हवं असं नाही, आणि न विचारता लावलं तर काढायला सांगता येतं. पत्र लिहिताना ते कुणाच्या जाहिरातीत जावं असं माझ्या मनात नव्हतं. पण त्या सिस्टरांचा उल्लेख वॉर्डातल्या लोकांनी वाचावा असं वाटलं. मी फोटोला नाही म्हटलं, आणि माझं नाव व शाळेचा उल्लेख काढून मजकूर लावायला परवानगी दिली. त्यासाठी संमतीचा फॉर्म भरावा लागतो. त्यात ‘सर्व माध्यमांत वापरण्यास हरकत नाही’ असं एक छापील वाक्य असतं. ते खोडून ‘फक्त वॉर्डातील फलक’ असं हाताने लिहिलं, खोडलेल्या जागी सही केली, आणि फॉर्मची झेरॉक्स सोबत घेऊन आले.